बसून सोडलेला रोजा

मास्तरांच्या घरचं तळण सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होतं. रमजानात संध्याकाळ झाली की वास असा सुटायचा, की ज्यांचा रोजा नसायचा त्यांनाही उपाशी असल्यासारखं वाटायचं. ते तळण करणाऱ्या मास्तरीणबाईंना मात्र ते खाताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर त्या कधी असायच्याच नाहीत. अजान व्हायची तेव्हा त्या कढईसमोर उभ्या असायच्या, उजव्या हातात झारा, डाव्या हातात खजूर. खजुराचा अर्धा भाग तोंडात जायचा आणि अर्धा पिठात पडायचा.

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी एकही रोजा बसून सोडला नव्हता. यंदा त्यांच्या मनात एकच होतं. एकदा, निदान एकदा, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, अजान शांतपणे ऐकायची आणि खजूर अख्खा खायचा. मागणं इतकं साधं होतं की ते बोलून दाखवायचीही त्यांना लाज वाटायची. लोक हज मागतात, घर मागतात, मुलाला नोकरी मागतात. आणि ही बाई मागतेय काय, तर बसायला जागा!

मास्तर म्हणजे खालच्या दुकानातले टेलर मास्तर. शिवण त्यांचे कारागीर करायचे, पण कापडाला कात्री लावायचा मान फक्त मास्तरांचा. पोटाविषयी मास्तरांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. पोट म्हणजे पोतं. पहाटे ठासून भरलं की संध्याकाळपर्यंत पुरतं. त्यामुळे सहरीला तुपातले पराठे, रात्रीचं उरलेलं तिखटजाळ मटण, वर लोणचं आणि कडक चहाचे कप. शेवटी, अजान तोंडावर आली की तांब्याभर पाणी घटाघटा. हे सगळं दिवसभर साथ देईल अशी त्यांची श्रद्धा होती. पाणी तासाभरात मोरीत जायचं, लोणचं मात्र इमानदारीनं घशात बसून राहायचं. दुपार व्हायच्या आत मास्तरांची जीभ टाळूला चिकटलेली आणि डोळे पेंगुळलेले.

संध्याकाळी त्याच पोत्यावर सूड उगवला जायचा. समोसे, तळलेली कोंबडी, पाकातलं गोड, रंगीत सरबत, आणि हे सगळं पहिल्या काही मिनिटांत. मग मास्तर भिंतीला टेकून "या अल्लाह" म्हणत उसासे टाकायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय इबादत आहे! रात्री तरावीहच्या नमाजात त्यांचे ढेकर मागच्या रांगेपर्यंत पोचायचे. उपासाच्या महिन्यात माणसं बारीक होतात असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं मास्तरांचं दुकान बघावं. ईदचे कपडे कापताना मास्तर कमरेला दोन बोटं जास्तीचं कापड आत दाबायला ठेवायचे. "रमजानचं मार्जिन," म्हणायचे, आणि त्यात त्यांना विनोद दिसायचा नाही.

आणि या कारभारावर सासूबाईंची देखरेख. कढई तापली नाही तर घरात माया उरली नाही, असं त्यांचं मत होतं. तळण गारही चालायचं नाही. अजान आणि समोसा दोन्ही एकाच वेळी पोचले पाहिजेत. म्हणजे सून कढईपाशी हवी, हे ओघानं आलंच.

रमजान सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी मास्तरांनी बँकेच्या मॅनेजरसाहेबांच्या शेरवानीचं कापड कापायला घेतलं. कापड परदेशातून जावयानं आणलेलं, इथं मिळणारं नव्हे. बाही कापताना कापड दुहेरी घालतात, म्हणजे डावी-उजवी जोडी आपोआप निघते. मास्तरांनी पेंगत पेंगत ते एकेरी पसरलं, खडू फिरवला, कापलं, पुन्हा तसंच पसरलं, पुन्हा कापलं. कारागिरानं बाह्या उचलून एकमेकींवर ठेवून पाहिल्या. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"खडूच खराब आलाय हल्ली," मास्तर म्हणाले.

उरलेल्या कापडातून कशीबशी तिसरी बाही निघाली, म्हणून अब्रू वाचली. पण रात्री मास्तरांना झोप लागेना. ऐन हंगामात मास्तरच पेंगतात ही बातमी बाजारात गेली असती, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला कितीसा वेळ लागतो? मास्तरीणबाई कूस बदलून हळूच म्हणाल्या, "अहो, चूक तुमची नाहीच. चूक माझी आहे."

मास्तर ताडकन उठून बसले. घरात कुणी आपणहून चूक पत्करतंय, अशी संधी कोण सोडेल?

"मीच तुम्हाला असलं जड खायला घालते. दुपारी डोळे मिटणार नाहीत तर काय? उद्यापासून माझ्या हिशेबानं खा. महिनाभर. कात्रीसाठी."

"कात्रीसाठी," मास्तर गंभीरपणे म्हणाले. या हिशेबात कात्रीचा वाटा किती आणि कढईचा किती, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही.

मास्तरीणबाईंनी बेत मनात कधीचाच आखून ठेवला होता. सहरीला हळूहळू पचणारं: ओट्स नाहीतर कोंड्यासकट पिठाची रोटी, त्याबरोबर अंडी किंवा घट्ट डाळ, वाटीभर दही, एखादं केळं. लोणचं बंद, खारट बंद, चहाचा एकच छोटा कप. पाणी शेवटच्या क्षणी नाही. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोड्या थोड्या वेळानं एकेक ग्लास. इफ्तारला खजूर, पाणी, कापलेली फळं, वाटीभर डाळीचं सूप. मग मगरिबची नमाज, आणि नमाजेनंतर बेताचं जेवण: उकडलेले चणे किंवा भाजलेली कोंबडी, भाजी, थोडा भात. गोड असलंच तर शुक्रवारी. तळण बंद. तळण बंद हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की ते यादीत चुकून आल्यासारखं वाटलं.

सासूबाईंना ते मुळीच चुकून वाटलं नाही. "हे काय, दवाखान्यातलं जेवण?" सूपाच्या वाटीत बघत त्या म्हणाल्या. "माझा मुलगा दिवसभर उपाशी, आणि त्याच्यापुढं हे पाणी?"

"अम्मी, डाळ आहे त्यात."

"दिसत नाही ती."

पहिले दोन दिवस मास्तरांचं डोकं ठणकत होतं, चहा तुटला म्हणून. त्याचं खापर त्यांनी ओट्सवर फोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते टक्क जागे राहिले आणि स्वतःच चकित झाले. आठवड्याभरात तरावीहमधले ढेकर थांबले. लगेच मास्तर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला आहारावर व्याख्यान द्यायला लागले. "पोट म्हणजे पोतं नव्हे," ते सांगायचे. "हलकं खावं. दुपारीसुद्धा अंगात असा जोर असतो, की विचारू नका! मी स्वतः शोधून काढलंय हे." मास्तरीणबाई वरून ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, श्रेय घ्या हो खुशाल, मला फक्त बसू द्या.

पण बसणं जमेना. कढई नव्हती तरी घर होतं ना! त्या बसायला गुडघा वाकवायच्या आणि कुणाला तरी मीठ लागायचं. दुसऱ्या दिवशी लिंबू. तिसऱ्या दिवशी सूप कोमट झालंय, जरा गरम कर. सासूबाईंना तर नेमकी अजानच्या आधी आपली गोळी आठवायची. मास्तरीणबाईंना आता राग यायला लागला होता. स्वतःवरच जास्त. स्वयंपाक निम्म्यावर आणला, तरी आपण उभ्याच!

मग एका संध्याकाळी त्यांनी मीठ, लिंबू, गोळी, पाणी, झाकण घातलेलं सूप, सगळं आधीच दस्तरखानावर नेऊन ठेवलं. मागण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही. अजानला थोडाच अवकाश होता. त्या बसणार, तेवढ्यात दार वाजलं. मोठे दीर आले होते, हातात भलंमोठं पुडकं घेऊन.

"कच्चे समोसे आणलेत!" ते दारातूनच म्हणाले. "ऐकलंय की या घरात उपासमार चाललीय. चल गं, पटकन तळ. गरमागरम!"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड पडला. मास्तरांनी हलक्या खाण्याचं एवढं मोठं शास्त्र शोधलं होतं, पण पुडक्याकडे बघताना त्यांना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तिघांनीही सवयीनं मास्तरीणबाईंकडे पाहिलं.

आणि मास्तरीणबाई बसल्या. मांडी घालून, पदर सावरून, नीट बसल्या.

"अगं, तेल तापायला वेळ लागेल," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना. म्हणून आत्ताच कुणीतरी उठायला हवं," त्या म्हणाल्या. त्या हलल्या नाहीत. "मी आज बसून रोजा सोडणार आहे."

दीर म्हणाले, "म्हणजे काय?" पण त्या एवढ्या सोप्या वाक्याचा आणखी सोपा अर्थ मास्तरीणबाईंपाशी नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुमच्या अंगात जोर आलाय ना हल्ली? सगळ्या बाजाराला सांगत असता."

मोठा भाऊ समोर उभा. आता जोर नाही म्हणावं तर शास्त्र बुडतं. मास्तर उठले, पुडकं घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. झाकणं पडल्याचे आवाज आले. मग तेलाचा चर्र आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ "आई गं!"

अजान झाली. मास्तरीणबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुआ म्हणून त्यांनी खजूर तोंडात घातला, अख्खा. पिठाची चव नव्हती, तेलाचा वास नव्हता, नुसता खजूर होता. मग पाण्याचा घोट, आणि घाई नव्हती म्हणून आणखी एक घोट. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि लगेच संतापही आला. एवढंसं सुख, आणि ते इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं! शेजारी सासूबाई हातात खजूर घेऊन सुनेकडे बघत राहिल्या होत्या. त्याही कधीकाळी या घरात सून म्हणूनच आल्या होत्या. त्यांनी सूपाची वाटी सुनेपुढं सरकवली.

स्वयंपाकघरातून मास्तरांचा घाबराघुबरा आवाज आला. "अगं, अजान झाली की काय? या तेलाच्या आवाजात काही ऐकूच येत नाही! माझा रोजा राहिला ना! खजूर आण गं लवकर!"

मास्तरीणबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"ओट्यावर डबा आहे," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "एका हातात झारा धरायचा आणि दुसऱ्या हातानं तिथंच उभ्याउभ्या सोडायचा. होते सवय."