सूचनेवरचा अंगठा

सकाळच्या बॅचमध्ये त्रेसष्ट जण होते आणि त्यातली सगळ्यात मोठी ती. वय छत्तीस. वर्गाची प्रतिनिधी निवडायची वेळ आली तेव्हा पोरांनी एकमुखाने तिच्याकडे बोट दाखवलं. मान द्यायचा म्हणून नव्हे. ते काम कुणालाच नको होतं आणि ताई नाही म्हणणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती. ताई नाही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवसापासून बॅचला शिस्त म्हणजे काय ते कळलं.

सात ते दहा कॉलेज आणि अकरापासून सुट्या भागांच्या गोदामात डिस्पॅचचं काम, असा तिचा दिवस. कुठला खोका, कुठल्या गाडीत, कधी निघणार, अडलं तर फोन कुणाला, हे चार प्रश्न तिच्या अंगात मुरलेले. ग्रुपवरच्या सूचनाही ती तशाच लिहायची. नमस्कार नाही, फुलं नाहीत, हसरे चेहरे नाहीत. वर विषय, मग मुदत, मग कसं द्यायचं, मग अडलं तर कुणाला विचारायचं. शेवटी एक ओळ: 'मला खासगीत विचारू नये, वर लिहिलं आहे.' पोरं तिला पाठीमागे 'सूचनाबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि फारसं वाईटही वाटत नसे.

तिची आणखी एक सवय होती. सूचना ग्रुपवर टाकण्याआधी ती त्या-त्या सरांना पाठवायची, 'बरोबर आहे का?' असं विचारून. तिकडून उत्तर आल्याशिवाय ग्रुपवर अक्षर जात नसे. एकदा उत्तर यायला सव्वा दिवस लागला, तेव्हा पोरांनी तिच्या नावाने खडे फोडले, तरी ही ढिम्म.

या सवयीला कारण होतं. चौदा वर्षांपूर्वी, पहिल्याच नोकरीत, एक खोका भलत्याच गावाला गेला. पत्ता वरिष्ठांनी तोंडी सांगितलेला. ते म्हणाले, 'एवढं लिहून दे की चूक तुझी, मी बघतो पुढचं.' बावीस वर्षांच्या पोरीने विश्वासाने लिहून दिलं. पुढचं त्यांनी बघितलं ते असं, की महिन्याअखेर तिला घरी बसवलं. तो कागद तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

तर त्या आठवड्यातली सूचना अशी होती:

'संशोधन पद्धती, असाइनमेंट दोन. मुदत: शनिवार, संध्याकाळी पाचपर्यंत. हाताने लिहिलेली, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर सही. सगळी पानं स्कॅन करून एकच पीडीएफ, फाइलला फक्त रोल नंबरचं नाव. कॉलेजच्या पोर्टलवर चढवायची, ईमेलने चालणार नाही. मजकुराची शंका असेल तर सरांना, पोर्टलची अडचण असेल तर लॅबमधल्या काकांना भेटावं. मला खासगीत विचारू नये, वर लिहिलं आहे.'

मंगळवारी तिने ती सरांना पाठवली. दोन मिनिटांत सरांचा अंगठा आला, तो पिवळा, वर केलेला. मग सूचना ग्रुपवर गेली. तिने स्वतःची असाइनमेंट गुरुवारीच चढवून टाकली. शेवटच्या दिवसावर ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

शनिवारी मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ताई, पोर्टल घेत नाहीये. मुदत संपली म्हणतंय."

"संध्याकाळी संपते. नीट बघ."

"नीटच बघतोय. हे बघा."

तिने बघितलं. मग तिघांचे फोन बघितले आणि ती तडक लॅबमध्ये गेली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पोर्टल उघडलं. शेवटची तारीख शनिवार, वेळ शून्य वाजून शून्य मिनिटं.

"सरांनी तारीख निवडली, वेळेचा रकाना तसाच सोडला," काका म्हणाले. "सोडला की हे शून्य धरतं. म्हणजे शनिवार लागला तेव्हाच बंद. माझ्या हातात नाही हो हे. उघडायचं तर सरांनी, नाहीतर विभागप्रमुख बाईंनी."

"किती राहिलेत?"

"एक्केचाळीस."

सोपं होतं खरं तर. सरांनी दोन बटणं दाबायची आणि विषय संपवायचा. पण सर स्टाफरूममध्ये घामाघूम बसले होते. पोर्टल बंद झालं की न दिलेल्यांची यादी आपोआप विभागप्रमुखांकडे जाते, ती सकाळीच गेली होती आणि बाईंनी खुलासा मागवला होता. सर एकोणतीस वर्षांचे, अजून कायम व्हायचे होते. मागच्याच महिन्यात तारखांच्या घोळावरून सगळ्या शिक्षकांना बाईंची समज मिळाली होती.

"ताई, बसा ना," सर म्हणाले. एरवी ते तिला 'सीआर', म्हणजे वर्गप्रतिनिधी, म्हणत. गरज लागली की ताई. "असं करू. तुम्ही ग्रुपवर लिहा की मुदत शुक्रवारचीच होती, तुमच्याकडून शनिवार लिहिलं गेलं. राहिलेल्यांनी माफीचा अर्ज द्यावा. मी फक्त पाच गुण कापतो, वीसपैकी. बाईंनाही मग सांगता येईल."

"पण मुदत शनिवारची होती."

"हो, पण पोर्टलवर..."

"पोर्टलवर तुम्ही वेळ भरली नाही, सर."

सर थोडे लाल झाले. "तुमची तर वेळेत आली आहे. तुमचा एक गुणही जात नाही. एक ओळ लिहायची आहे फक्त. पुढच्या सत्रात प्रकल्पाच्या शिफारशी माझ्याकडेच येणार आहेत, सगळं सांभाळूनच घ्यायचं असतं."

तिला चौदा वर्षांपूर्वीची ती खोली दिसली. टेबल वेगळं, माणूस वेगळा, शब्द तेच. तिला राग आला. तो तिने लपवलाही नाही.

"मी लिहिणार नाही."

"मग मला दुसरा प्रतिनिधी बघावा लागेल."

"बघा की. तोपर्यंत मीच आहे."

बाहेर येऊन तिने गोदामात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मग नवऱ्याला फोन केला. तो शांत माणूस, भांडणाच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. म्हणाला, "अगं, लिहून टाक ना एक ओळ. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवते," ती म्हणाली.

पलीकडून एकदम सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी फोन ओढूनच घेतला असावा. "त्याचं काय ऐकतेस? जेवायला थांबत नाही आम्ही, तू तुझं उरकून ये."

जिन्याच्या पायरीवर बसून तिने नवी सूचना लिहिली. ही सूचना तिने कुणालाही आधी पाठवली नाही.

'संशोधन पद्धती, असाइनमेंट दोन. मुदत: आज शनिवार, संध्याकाळी पाच. मुदत बदललेली नाही. पोर्टल बंद आहे, त्यात तुमची चूक नाही. हाताने लिहिलेली मूळ प्रत घेऊन पाचच्या आत विभागाच्या ऑफिसात यावं. आवक खिडकीवर द्यावी, तारीख आणि वेळेचा शिक्का घ्यावा, पोच घ्यावी. स्वतः येता येत नसेल तर घरच्या माणसाच्या हाती पाठवावी. माफीचा अर्ज कुणीही लिहू नये. अडलं तर मला विचारावं.'

शेवटची ओळ वाचून बॅचला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दुपारी दोनपासून माणसं यायला लागली. कुणी दुकानाचा ॲप्रन घालूनच आलं, कुणी हेल्मेट काखेत धरून. एका परिचारिकेची ड्यूटी सुटेना, तर तिचे वडील चुरगळू नये म्हणून कागद वहीत ठेवून घेऊन आले. दोघांनी पानांना क्रमांकच घातले नव्हते. ताईंनी त्यांना तिथेच बाकावर बसवून घालायला लावले. लढाई असो नाहीतर लग्न, पानांना क्रमांक पाहिजेतच.

आवक खिडकीवरचे क्लार्क एरवी चार कागद आले तरी कपाळाला आठ्या घालणारे. त्यांनी पंचवीस शिक्के मारल्यावर मान वर केली. "अजून किती?"

"सोळा."

"शाई संपेल माझी."

"मी आणून देते."

चार वाजून चाळीस मिनिटांनी एक्केचाळिसावी प्रत आली. क्लार्कनी हुश्श केलं आणि वहीत शेवटची ओळ आखायला पट्टी घेतली. तेवढ्यात तिने पिशवीतून स्वतःची मूळ प्रत काढून खिडकीतून आत सरकवली.

त्यांनी यादी पाहिली. "तुमची तर गुरुवारीच आली आहे."

"असू द्या. यांच्यातच धरा. गुण कापले तर माझेही कापतील."

क्लार्कनी शिक्का शाईवर नीट दाबला आणि इतरांपेक्षा जरा सावकाशच मारला. बेचाळीस.

गठ्ठा ती स्वतः विभागप्रमुख बाईंकडे घेऊन गेली. वर एका पानाचा अर्ज, त्याला मंगळवारची सूचना आणि त्याखालचा सरांचा अंगठा छापून जोडलेला. बाईंनी वाचलं, सरांना बोलावलं आणि एकच विचारलं, "वेळेचा रकाना भरला होता का?"

सरांनी नाही म्हटलं. ते खोटं बोलले नाहीत, हे तिने त्यांच्या खात्यावर जमा धरलं.

बाईंनी तिथल्या तिथे पोर्टल सोमवार संध्याकाळपर्यंत उघडलं. गुण कुणाचेच कापायचे नाहीत, असंही सांगितलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "एवढी वरात कशाला आणलीत? एकट्या येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"एकटी आले असते, तर तुम्हीही मला ती एक ओळच लिहायला सांगितली असती, मॅडम."

बाईंनी अर्जावर सही केली. तसं नाही, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

सोमवारी सर वर्गात आले ते कोरडा चेहरा घेऊन. प्रतिनिधी बदलण्याचा विषय त्यांनी काढला. "कुणाला व्हायचं आहे?" त्रेसष्ट जण होते. कुणी वहीत बघत होतं, कुणी खिडकीबाहेर. एकही हात वर झाला नाही. पहिल्यांदा झाला नव्हता तो कामाच्या भीतीने. आताचं कारण वेगळं होतं, आणि ते सरांनाही समजलं.

"बरं," सर म्हणाले. "असाइनमेंट तीन. पुढचा शुक्रवार, संध्याकाळी पाच. सीआर, टाका ग्रुपवर."

तिने बसल्याजागी सूचना लिहिली आणि नेहमीप्रमाणे आधी सरांना पाठवली. सरांनी फोन बघितला. दुसऱ्या क्षणी तिच्या फोनवर अंगठा आला.

ती उठून उभी राहिली.

"सर, अंगठा नको. वार आणि वेळ शब्दांत लिहून पाठवा."

सर तिच्याकडे बघत होते, ती सरांकडे. ती खाली बसली नाही. शेवटी सर मान खाली घालून एकेक अक्षर टाइप करायला लागले. तिने ते आलेलं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मगच सूचना ग्रुपवर टाकली.