सरळेंचा दांडा

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकाच कारखान्यात, एकाच भट्टीखात्यात कामाला असू नयेत. असले, तर धाकटा तरी जरा ढ असावा. थोरल्या साडूचं नशीब इथेच फुटलं.

थोरल्याला खात्यात सगळे 'कडक' म्हणत. पोलादाचा कडकपणा हा त्यांचा जीव. लाल दांडा तेलात विझवला की काचेसारखा होतो, कडक पण ठिसूळ. म्हणून तो पुन्हा बेताने तापवून थोडा नरम करावा लागतो, म्हणजे धक्का सोसतो. त्यालाच पाणी उतरवणं म्हणतात. हा सौदा कडकांना कधी मनापासून पटलाच नाही. मिळालेलं द्यायचं कशाला? घरी तर दुसऱ्याला मिळालेलंही खुपे. मेव्हणीच्या घरी नवं कपाट आलं तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

धाकट्याचं नाव पडलं होतं 'सरळे', कारण त्याचे लांब दांडे सुतासारखे सरळ निघत. कडकांचे मात्र केसभर वाकत आणि सरळ करायला दाबयंत्राखाली जात. आता खात्याचा प्रमुख निवृत्त होत होता आणि साहेबांनी सांगितलं होतं, क्रेनचे दांडे ज्याचे चांगले निघतील त्याचा विचार आधी.

कडकांनी डोकं लढवलं. क्रेनचे दांडे निकेल-क्रोमच्या पोलादाचे, आणि पाणी उतरवल्यावर त्याला लगेच पुन्हा तेलात बुडवायचं असा खात्याचा नियम होता. दांडा वाकतो तो या दुसऱ्या बुडीतच, त्यांनी ताडलं. जुन्या कारखान्यात साधं पोलाद ते बिनदिक्कत हळूहळू गार होऊ देत. काही बिघडलं नव्हतं. मग त्यांनी सहाशे अंशांवर पाणी उतरवलं, भट्टी बंद केली आणि दांडे आतच ठेवून घरी गेले.

सकाळी दांडे बघून त्यांना नाचावंसं वाटलं. सरळ! कडकपणाचा आकडाही हवा तोच. साहेबांनी पाठ थोपटली, आणि कडकांनी चोरून सरळेंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे हसू होतं. खोटं असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुपारी सरळे त्यांना तपासणीच्या खोलीत घेऊन गेले. दांड्यांबरोबर तापवलेला एक खाच पाडलेला तुकडा त्यांनी यंत्रात ठेवला आणि वरून झोक्यासारखा टांगलेला जड हातोडा सोडला. चांगला तुकडा वाकतो, चिवटपणे फाटतो, हातोड्याला अडवतो. हा ताडकन तुटला. हातोडा न अडखळता पलीकडे उंच गेला. तुटलेली कड साखरेसारखी दाणेदार चमकत होती.

"दादा, भट्टीतच गार केलेत ना?" सरळेंनी हळूच विचारलं.

"आकडा बरोबर आहे!"

"आकडा बरोबरच येणार. हे पोलाद पावणेसहाशेपासून पावणेचारशेपर्यंत रेंगाळलं की आतून ठिसूळ होतं, आणि कडकपणा ते सांगत नाही. क्रेनला धक्का बसला तर दांडा तुटेल. खाली माणसं असतात, दादा."

कडकांच्या कानांतून वाफा निघाल्या. दांड्याची काळजी नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की यालाच का दिसलं? आता हा साहेबांकडे जाणार आणि खुर्ची घेणार.

सरळे साहेबांकडे गेले नाहीत. "परत सहाशेवर नेऊ आणि झटकन तेलात काढू. दोष जातो," म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या. दांडे उभे कसे टांगायचे, न हिंदकळता सरळ तेलात कसे सोडायचे, सगळं दाखवलं. जे गुपित कडकांना हवं होतं, ते असं फुकट हातात आलं आणि फारच बोचलं. नवा तुकडा वाकला, फाटला, हातोडा अडला. दांडेही सरळ होते.

"पुन्हा का तापवले?" साहेबांनी विचारलं.

कडकांनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. त्याआधीच सरळे बोलले, "दादांनाच शंका आली, साहेब. त्यांनीच परत घेतले."

कडकांनी तोंड मिटलं.

खुर्ची कडकांना मिळाली. त्या दिवशी बायकोने आपल्या बहिणीला आणि सरळेंना जेवायला बोलावलं. सगळ्यांसमोर ती कडकांना म्हणाली, "इतकी वर्षं नावं ठेवलीत, पण साडू असावा तर असा! किती आनंद झालाय त्यांना तुमचा."

सरळे खरंच आनंदात होते. त्यांच्या तोंडावर तेच हसू होतं, आणि ते आधीही खोटं नव्हतं हे आता कडकांना कळत होतं. त्यांनी घास तोंडात घातला. तो फिरत राहिला. याने आपल्याला हरवलं असतं तर बरं झालं असतं, त्यांच्या मनात आलं. निदान याचा राग तरी करता आला असता.

"वाढू का अजून?" बायकोने विचारलं.

"त्याला वाढ," कडक म्हणाले.