संत्रा बर्फी आणि शेवटची सही

...तर काल आपण जिन्यावर थांबलो होतो. म्हणजे थांबल्या होत्या लतिकाबाई काळबांडे, लकडगंजातल्या त्या प्लायवूडच्या पेढीच्या जिन्यावर, सातव्या पायरीपाशी, हातात प्लास्टिकची फाईल घेऊन. वर ऑफिस, खाली गोडाऊन, आणि मधल्या हवेत लाकडाच्या भुशाचा तो वास, जो चार वर्षं त्यांच्या पदराला चिकटून हुडकेश्वरच्या त्यांच्या खोलीपर्यंत जायचा.

चार वर्षं दोन महिने त्यांनी त्या ऑफिसात कारकुनी केली. हजेरी त्यांची, रजेचं रजिस्टर त्यांचं, पगारपत्रकही त्यांचंच. बाई अशी की कागदाशिवाय पाणी हलू द्यायची नाही. चहाचं बिल आलं तरी सही घ्यायची. पेढीतले लोक हसायचे, "बाई मेल्यावर यमाजवळूनही पोहोच मागंन."

एक जूनला त्यांनी राजीनामा दिला. सदर भागातल्या एका ऑफिसात बरी नोकरी मिळाली होती, एक जुलैपासून. नेमणूकपत्रात दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस लिहिलेली, म्हणून तीस जूनपर्यंत काम करायचं ठरलं. पण बारा तारखेला मालकाचा मुलगा अनिश म्हणाला, "उद्यापासून नका येऊ. चावी नव्या पोरीले, सोनिकाले देऊन द्या." जाणाऱ्या माणसाच्या हाती हिशेबाची कपाटं नकोत, एवढंच त्याच्या मनात.

सोळा तारखेला लतिकाबाईंनी अर्ज दिला. त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या. बारा दिवसांचा पगार, सात हजार आठशे. शिल्लक रजा एकेचाळीस दिवस, रोजचे साडेसहाशे धरून सव्वीस हजार सहाशे पन्नास. नोटीसचे उरलेले अठरा दिवस, अकरा हजार सातशे, कारण काम त्यांनी नाही, पेढीनं थांबवलं. आणि बोनस. सरलेल्या वर्षाचा एक पूर्ण पगार, साडेएकोणीस हजार, वर एप्रिलपासूनचा हिस्सा तीन हजार नऊशे. ग्रॅच्युइटी मागितली नाही. पाच वर्षं भरली नव्हती, आणि न बसणारं मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

सोनिकानं अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. "तुम्हीच शिकवलं न ताई, कागद आला का आधी शिक्का."

नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यावा असा कायदा आला आहे. लतिकाबाईंना तो माहीत होता, अनिशलाही होता. तरी नऊ दिवस गेले, दोन खेपा झाल्या. ही तिसरी.

सातव्या पायरीवर त्या थांबल्या, त्याला कारण होतं. फोन वाजला. हुडकेश्वरच्या नव्या खोलीच्या मालकीणबाई, कांताबाई.

"बाई, चाळीस हजार डिपॉझिट उद्या दुपारपर्यंत आलं पाहिजे. नाही तर खोली दुसऱ्याले देऊन देईन. मंग मले बोल नका लावू."

"देतो न जी. आजच मिळून राहिले."

राहती खोली तीस तारखेला रिकामी करायची होती. सामान बांधून झालं होतं. चहासाठी तेवढं एक पातेलं बाहेर ठेवलं होतं.

वर गेल्या. टेबलावर संत्रा बर्फीचा डबा. पेढीची रीतच तशी. माणूस जायला निघाला की आधी बर्फी, मग रेव्हेन्यू तिकीट लावलेली पावती, मग सही, आणि पैसे सगळ्यात शेवटी. ही रीत त्यांनी स्वतः अकरा जणांवर चालवली होती.

"घ्या बाई, तोंड गोड करा," अनिश म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. "बावीस हजार सातशे पन्नास. सही झाली का लगेच खात्यात टाकतो."

लतिकाबाईंनी कागद वाचला. पगार बरोबर, रजा बरोबर. मग नोटीसचे अकरा हजार सातशे. मिळवलेले नाही, कापलेले. बोनसच्या जागी आडवी रेघ.

"हे कापले काहून जी?"

"तुम्ही महिना कुठं भरला? बाराच दिवस तं आले."

"तुम्हीच नको म्हटलं न."

"मी म्हटलं? कोणाले म्हटलं? काही लेखी आहे का तुमच्यापाशी?" अनिश हसला. "तुमच्यापाशी तं लेखीच राहते सारं."

लेखी होतं, पण फाईलमध्ये नव्हतं. ते त्याच खोलीत, सोनिकाच्या पाठीमागच्या कपाटात होतं. आणि सोनिकाला नोकरी करायची होती.

आतल्या खाटेवर म्हातारे मालक मधुकरराव पेपर वाचत पडले होते. लतिकाबाई तिकडे वळल्या. "मालक, चावीचं रजिस्टर पाहता का एकवार? बारा जूनचं पान."

सोनिका खाली मान घालून बसलेली. अनिशनं तिच्याकडे नुसतं बघितलं.

"आन वं पोरी," म्हातारा म्हणाला.

सोनिका उठली. रजिस्टर आणलं. मधुकररावांनी चष्मा शोधला, पुसला, पान उलटलं. लतिकाबाईंना वाटलं, पान फाडलेलं असलं तर? पण पान होतं. 'कपाटांची चावी लतिका काळबांडे यांच्याकडून सोनिकाकडे. कारण, अनिशभाऊंच्या सांगण्यावरून उद्यापासून येणे बंद.' खाली अनिशची लांब शेपटीची सही. त्या दिवशी सही करताना तो हसला होता.

"ही सही कोणाची गा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

अनिशनं रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

"कापू नको. अठरा दिवसाचे वरून दे."

नवा कागद निघाला. शेहेचाळीस हजार एकशे पन्नास. खोली मिळाली, असं लतिकाबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"आणि बोनस?"

"बोनस दिवाळीले वाटतो आपण," मधुकरराव म्हणाले. "दिवाळीले या, घेऊन जा. माझा शब्द आहे. आता करा सही, याले बँकेचं काम करू द्या."

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. पावतीतलं शेवटचं वाक्य होतं, 'यापुढे पेढीकडून माझे काहीही येणे बाकी नाही.' टाईप त्यांनीच केलेलं, तीन वर्षांपूर्वी, अनिशच्या सांगण्यावरून. त्या वाक्याखाली गणपतराव हमालानं सही केली होती, न वाचता, कारण कागद लतिकाबाईंनी पुढे केला होता. तो दिवाळीला बोनस मागायला आला. लतिकाबाईंनी फाईल काढून त्याला त्याचीच सही दाखवली. तो बाकावर बसला, माठातलं पाणी प्याला, आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुष्कळदा वाटायचं.

"काय झालं बाई?" अनिशनं घड्याळ बघितलं. "साडेतीन झाले. सही नसंल तं पैसे उद्यावर जातीन. परवावरही जातीन."

उद्या दुपारपर्यंत, कांताबाई म्हणाल्या होत्या. लतिकाबाईंनी बर्फीचा डबा न उघडता बाजूला सरकवला, कागद स्वतःकडे ओढला, आणि म्हाताऱ्याकडे बघून म्हणाल्या,

"मालक, तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे, पण हे वाक्य मी टाईप केलं आहे, ते काय करते ते मले माहीत आहे. मी याच्यावर काट मारतो आणि खाली लिहितो, बोनस तेवीस हजार चारशे बाकी, दिवाळीले देणे. तुम्ही त्याच्यापाशी सही करा, मंग मी करतो. नाही तं पैसे राहू द्या तुमच्यापाशी, मी उद्या सकाळी पुन्हा येतो, आणि येताना गणपतरावले संग आणतो."