दोन वीत कमी पडलेली रेषा

शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारायचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगण्यासारखं नाही. आधी झाडू मारायचे, मग फक्की मारणारा माणूस सोडून गेला आणि मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हीच मारा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण सरळ रेषा मला येते. उमेदीची वर्षं मिठागरात गेली. तिथे दोरी धरून बांध घालायचे असतात, आणि बांध वाकडा गेला तर भरतीचं पाणी ते दाखवून देतं.

फुटबॉलचं मैदान आखायला माझी एक दोरी आहे. खुंटी गोलच्या रेषेवर ठोकायची, दोरी ताणायची, जिथे लाल चिंधी बांधली आहे तिथे साडेसोळा मीटर होतात. गोलपुढची मोठी चौकट तिथवर. पोरी तिला बॉक्स म्हणतात. टेप ऑफिसच्या कपाटात असते आणि तिला दुसरं माणूस लागतं. दोरीला खुंटी पुरते.

यंदा पावसाळ्यात दोरी उंदराने कुरतडली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती हातात आली तेव्हा मधेच तुटली होती. मी गाठ मारली आणि कामाला लागले. मिठागरात असं कधी केलं नाही. गाठ मारलेली दोरी तिथे पुन्हा मोजल्याशिवाय कोणी हातात घेत नसे, कारण गाठ दोरी खाते. मला हे ठाऊक होतं. गुडघे दुखत होते, ऊन चढलं होतं, आणि मोठ्या-छोट्या मिळून चार चौकटी व्हायच्या होत्या. मोजली नाही.

माझ्या मुलीची मुलगी आमच्या शाळेकडून खेळते, मागे, गोलच्या पुढ्यात. उपांत्य सामना चौलकडच्या मुलींशी होता आणि दुसऱ्या दिवशी अंतिम. अंतिम सामन्याला जिल्ह्याचा संघ निवडणारे येणार होते. वर्षभर घरात तेवढंच बोलणं. भाकरी थापतानाही मला ऐकावं लागे की कोण कोण निवडलं जाईल.

आमचा एक गोल झाला होता, त्यांचा एकही नाही. शेवटची दहाएक मिनिटं असतील. मी आमच्या गोलच्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ घमेलं पालथं घालून बसले होते. चौलची एक उंच मुलगी चेंडू घेऊन सुटली. पुढे फक्त आमची गोलकीपर. माझी नात बाजूने धावत आली आणि चेंडूवर पाय टाकून घसरली. चेंडू गेला पुढे. पाय लागला त्या मुलीच्या नडगीला. मुलगी आडवी झाली.

शिट्टी वाजली. रेफरी म्हसळ्याकडचे एक मास्तर होते, केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. ते पळत आले आणि पहिल्यांदा पोरींकडे न बघता जमिनीकडे बघितलं. टाचेने माती उकरली गेली होती तिथे उभे राहिले. माझ्या रेषेच्या बाहेर, वीतभर. मग गोलकडे बघितलं, चेंडू कुठे गेला ते बघितलं, आमची दुसरी पोरगी किती लांब राहिली ते बघितलं. आणि लाल कार्ड काढलं.

लोक ओरडले. माझ्या मागे उभा असलेला एकजण दुसऱ्याला समजावत होता की शेवटची होती म्हणून लाल. नात जर्सीची बाही चावत बाहेर गेली. फ्री किक गोलवरून उडाली, आमच्या दहा जणींनी वेळ काढला आणि सामना जिंकला.

ती पाण्याच्या टाकीमागे बसली होती. मी पाणी घेऊन गेले. लाल कार्ड म्हणजे पुढचा सामना बंद, एवढं मलाही माहीत होतं.

"आजे, मी बॉलवरच गेले होते," ती म्हणाली. "बॉक्सच्या आत असते तर पिवलंच मिललं असतं."

मी विचारलं, आत आणि बाहेर यात एवढा फरक कसला. ती म्हणाली, आत पेनल्टी देतात ना. गेलेली संधी त्यांना परत मिळते, म्हणून खरोखर बॉलसाठी गेलेलीला पिवळं. ओढलं, ढकललं, तर आतही लाल. बाहेर मात्र गोल होण्यासारखी संधी मोडली की लाल, बॉलवर गेलात तरी.

तेव्हा मला ती गाठ आठवली. मी तिला सांगितलं.

"किती?"

"दोन वीत तरी."

तिने मनात हिशेब केला असणार. मग म्हणाली, "कोनाला बोलू नको. चौलवाल्यांना कललं तर पेनल्टी मागतील. मी तर उद्या खेलनार न्हायच. या पोरींचं तरी वाटोलं करू नको."

तिचं बरोबर होतं, तिच्यापुरतं. पण उद्या त्याच रेषांवर अंतिम सामना व्हायचा होता, आणि रेषा पुन्हा मारायच्या म्हणजे कोणीतरी विचारणारच की का. मला खोटं बोलायचा कंटाळा येतो. एक बोललं की दुसरं लक्षात ठेवावं लागतं. मी उठले.

मास्तर शेडमध्ये बूट सोडत होते. मी सांगितलं, दोरीला गाठ होती, चौकट कमी पडली आहे. ते थकले होते, बूट परत घालायला त्यांच्या जिवावर आलं. तरी घातले. ऑफिसातून टेप आणली आणि आम्ही दोघांनी मोजलं. दोन वीत आणि वर चार बोटं. टाचेची खूण अजून तशीच होती. माझ्या रेषेबाहेर, पण खऱ्या चौकटीच्या आत.

"मावशी, सामना सुरू व्हायच्या आधी मैदान बघायचं काम माझं," ते म्हणाले. "मी पावलांनी मोजलं. एवढं पावलात कळत नाही."

मी विचारलं, मग आता ते लाल पिवळं होईल का.

"नाही. रेषा होती तिथे होती. मी त्या रेषेवरून ठरवलं आणि खेळ पुढे गेला. आता माझ्या हातात नाही. अहवालात लिहीन."

मी म्हटलं, लोक म्हणतात ती शेवटची होती म्हणून लाल.

"शेवटची असण्याने काही होत नाही," ते म्हणाले. "गोल किती लांब, धाव गोलकडे होती का, चेंडू तिला मिळाला असता का, वाटेत कोण होतं. हे चारही जुळलं तर संधी. ते जुळलं होतंच. राहिली होती ती फक्त जागा."

म्हणजे माझी रेषा. ते तसं म्हणाले नाहीत.

स्पर्धा घेणाऱ्यांनी संध्याकाळी बसून अहवाल वाचला. निकाल तोच ठेवला आणि लाल कार्डही. चौलच्या बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की पेनल्टी आमची होती. मी म्हटलं, होय, होती. त्यांना भांडायचं होतं, पण कबूल करणाऱ्या बाईशी कसं भांडणार. गेल्या. आमच्या प्रशिक्षक बाईंनी मात्र मला बघून वाट बदलली.

नात घरी आली, जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी समजूत काढली नाही.

सकाळी मी मैदानावर गेले. जुन्या रेषा पायाने पुसायच्या आणि नव्या मारायच्या, वाकून वाकून. टेपचं एक टोक खिळ्याला अडकवून बघितलं, सुटत होतं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा मागून कोणीतरी ते उचलून गोलच्या रेषेवर धरलं. ती आली होती. खेळायचे कपडे नव्हते, घरातला फ्रॉक होता.

"ताण नीट," ती म्हणाली.

मी ताणलं. साडेसोळावर फक्की टाकली. चारही चौकटी झाल्या तोवर ऊन वर आलं आणि दोन्ही संघांच्या पोरी सरावाला उतरल्या. तिने टेप गुंडाळून ऑफिसात दिली आणि कोपऱ्याच्या झेंड्याजवळ येऊन माझ्या शेजारी खाली बसली. निवडणारे समोर खुर्च्यांवर बसत होते. तिने एकदा तिकडे बघितलं. मग ती जुनी दोरी माझ्या पिशवीतून काढली, गाठ सोडवायला गेली, सुटली नाही, म्हणून दातांनी ओढत बसली.