आधी गाऊन, मग मास्क

१४ मार्चला सकाळी दहा वाजता आक्काने माझ्या टेबलावर तीनशे पन्नास रुपये मोजून ठेवले आणि म्हणाली, "भाऊसाहेब, फेरतपासणीची पावती फाडा."

आक्का आमच्या रुग्णालयातली परिचारिका. एकवीस वर्षांपूर्वी ती वॉर्डात फरशी पुसायला लागली आणि पुसता पुसता शिकून परिचारिका झाली. मी तिथला कारकून; पहिल्या पगारापासून तिच्या फायली माझ्याच कपाटात आहेत. संसर्ग नियंत्रण परिचारिकेची एक जागा निघाली होती. परीक्षेत पन्नासपैकी चाळीस हवे होते, तिला अडतीस पडले. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

अभ्यास सासूबाईंनी करून घेतला होता. म्हातारी भाजी निवडता निवडता चिठ्ठीवरून विचारायची, "रुग्णाला हात लावलाच नाही, नुसती खाटेची कड धरली. मग गं?"

"तरी हात स्वच्छ करायचे, आत्याबाई. रुग्णाच्या आसपासच्या वस्तूला हात लागला, की तोही हात स्वच्छ करण्याच्या पाच क्षणांपैकी एक."

"आणि बाकीचे चार?"

"रुग्णाला हात लावण्याआधी. सुई-नळीसारख्या निर्जंतुक कामाआधी. रक्त-लघवी हाताला लागण्याचा संभव आला, की लगेच. आणि रुग्णाला हात लावून झाल्यावर."

अशा तयारीच्या बाईचे दोन गुण एकाच प्रश्नात गेले होते. संरक्षक साहित्य कोणत्या क्रमाने उतरवावे? तिने लिहिले होते: हातमोजे, चष्मा, गाऊन आणि शेवटी मास्क. छापील उत्तरात मास्क गाऊनच्या आधी होता.

अधीक्षक साहेबांनी दुपारी तिला बोलावले. मेट्रन होत्या, कागद घेऊन मीही होतो.

"हे बघा बाई," साहेब म्हणाले, "चढवताना गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे. उतरवताना बरोब्बर उलटे. सरळ हिशेब आहे."

मी मान डोलावली. मलाही तो हिशेब सरळच वाटत होता.

"साहेब, जंतू हिशेब शिकलेले नसतात," आक्का म्हणाली. मेट्रननी खोकल्याचे निमित्त केले.

"मग करूनच दाखवा ना," त्या साहेबांना म्हणाल्या. "दोघेही करा."

साहित्य आले. दोघांनी हात स्वच्छ करून ते चढवले. आक्काने दोघांच्या गाऊनच्या छातीवर, बाह्यांवर आणि हातमोज्यांवर ओला निळा रंग फासला. "हे जंतू समजा. साहेब, तुम्ही छापल्याप्रमाणे उतरवा."

साहेबांनी हातमोजे काढले, चष्मा काढला, मास्क काढला. मग मानेमागची नाडी सोडून गाऊन ओढू लागले. बाही उलटताना उसळली आणि ओठांवर निळी रेघ उमटली.

"साहेब, मिशी फुटली!" मेट्रन म्हणाल्या.

साहेबांनी आरशात पाहिले.

आक्का दाराशी उभी राहिली. एका हातमोज्याची कड बाहेरून चिमटीत धरून तिने तो काढला. दुसऱ्याच्या आत बोट सरकवून तो उलटा केला. हात स्वच्छ केले. चष्मा मागून धरून उचलला. गाऊनच्या नाड्या सोडल्या, खांद्यांकडून तो आतली बाजू बाहेर करत गुंडाळला आणि पेटीत टाकला. पुन्हा हात स्वच्छ केले. मग खोलीबाहेर जाऊन, दार लावून, मास्कला समोरून न शिवता नुसत्या पट्ट्या धरून तो काढला. शेवटी पुन्हा हात. आत आली तेव्हा तिच्या अंगावर निळा ठिपकासुद्धा नव्हता.

"पटले," साहेब म्हणाले. "पण छापील उत्तर मी कशाच्या आधारावर बदलू?"

तेव्हा मी उठलो. कपाटातून परीक्षकांचा हस्तलिखित कागद काढला. त्यात स्पष्ट लिहिले होते: गाऊन, मग मास्क. टंकलिखित करताना तो क्रम मला विस्कळीत वाटला होता. चढवण्याच्या यादीशी जुळावा म्हणून मी तो उलटा करून नीट लावला होता. कुणालाही विचारले नव्हते.

"चूक माझी आहे साहेब," मी म्हणालो.

"तरीच म्हटलं," आक्का म्हणाली, "इतकी टापटीप चूक दुसऱ्या कुणाची असणार!"

साहेब निळ्या मिशीसकट हसले. उत्तर तिथल्या तिथे दुरुस्त झाले आणि सर्वांचे कागद पुन्हा तपासले. आधी पास झालेल्या दुसऱ्या दोघी उमेदवारांचे दोन-दोन गुण गेले, तरी त्या पासच राहिल्या, पण चाळीस गुणांवरच; आक्काचेही चाळीस झाले. ज्येष्ठतेत आक्का त्यांच्या वर होती. चार वाजता नेमणुकीच्या आदेशावर सही झाली. आक्काने तो दोन्ही हातांनी घेतला आणि दारातूनच घरी फोन लावला.

"आत्याबाई, झाले!"

पलीकडून म्हातारीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "झाले म्हणजे? व्हायचेच होते!"

वॉर्डातल्या मुली धावत आल्या. कुणीतरी आक्काला उचलायला गेली, तर ती ओरडली, "आधी हात!" मुलींनी खरोखरच रांग लावून हात स्वच्छ केले आणि मगच तिला उचलले.

चहा मी सांगितला, सात कप. पाकीट घरी राहिले होते. कँटीनवाल्याचे सत्तर रुपये अजून माझ्याकडे बाकी आहेत.