नमुन्याचं बिल

तळेगाव ढमढेऱ्यात शंकरराव ओहोळ कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा दोन मिनिटं विचार करेल. 'बिलवाले आप्पा' म्हणालात, तर दुकानापर्यंत आणून सोडेल. बाजारपेठेत त्यांचं पाइप, वायर आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. दुकान बारा बाय वीसचं, पण पुण्याचे व्यापारी या माणसाला बिल पाठवताना दोनदा बघतात.

मी माया. गावातल्या तीसेक दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरते, त्यात एक आप्पा. बाकीचे लोक मला बिलं कॅरीबॅगमध्ये कोंबून आणून देतात. कुणाच्या बिलाला तेल, कुणाच्या बिलाला हळद. आप्पांची बिलं मात्र तारखेवार लावलेली, आणि प्रत्येक रकान्याशी लाल पेनची बारीक बरोबरची खूण.

ही सवय रेल्वेची. आप्पा दौंडला रेल्वेच्या भांडारात कारकून होते. आलेला एकेक नट-बोल्ट कागदाशी ताडून घ्यायचा, हेच काम वीस वर्षं. दुकान टाकल्यावरही ते सुटलं नाही. माल आला की आधी पट्टी काढायची, बिलावर आडवी ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकायचं. आपलं नाव, पत्ता, आणि सगळ्यात महत्त्वाचा आपला जीएसटी नंबर, कारण तो चुकला तर आपण मोजलेल्या कराची वजावट दुसऱ्याच्या खात्यात जाते. मग देणाऱ्याचा नंबर, बिलाचा नंबर, तारीख. मालाचा वर्ग सांगणारा एचएसएन कोड. नग, दर, सूट वजा करून उरलेली किंमत, आणि त्याच किमतीवर कर. शेवटी सही. एकदा पुण्याच्या एका व्यापाऱ्याने दोन्ही दुकानं महाराष्ट्रात असताना बिलात आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर लावला. आप्पांनी त्याच्या माणसाला चहा पाजला, वर शेव खायला घातली आणि मालासकट परत पाठवलं.

"निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. येवढं तरी शिकून या," असं वर त्याला ऐकवलं.

फक्त एका दुकानाच्या बिलावर लाल खूण कधी नसे. दौंडचं 'भीमाकाठ ट्रेडर्स'. त्याची बिलं वेगळ्या फायलीत असत आणि फायलीवर आप्पांच्या अक्षरात 'घरचं' असं लिहिलेलं होतं.

ते खरंच घरचं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी आप्पांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा हातात आलेला सगळा पैसा त्यांनी मित्राबरोबर घाऊक धंद्यात घातला. मित्र म्हणजे दौंडचे जयसिंगराव जगदाळे, शाळेपासूनचे. भागी निम्मी-निम्मी. जगदाळ्यांच्या भावकीत तेव्हा बरीच कुजबुज झाली होती, की भागी करायला ओहोळाचाच पोरगा सापडला का. जयसिंगरावांनी सगळ्यांना ठणकावलं होतं, "करीन तर शंकरसंगंच करीन, न्हाईतर धंदाच करनार न्हाई." हे वाक्य आप्पा मला दरवर्षी एकदा तरी सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगलेली दिसायची. दौंडची पेढी जयसिंगरावांनी सांभाळायची आणि आप्पांनी गावात किरकोळ दुकान चालवायचं, असं ठरलं. दिवाळीला नफ्याची वाटणी. गेल्या दिवाळीला मात्र "माल पडून हाय, पुढच्या साली बगू" असा निरोप आला होता. आप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही.

यंदा आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा सम्राट रांजणगावला कंपनीत, त्याला दुकानात रस नाही. सून गौतमी बी. कॉम. झालेली आणि तिखट. दुकान तिच्या हाती द्यायचं आणि भीमाकाठमधला आपला निम्मा हिस्सा दसऱ्याला तिच्या नावे करायचा, असं आप्पांनी ठरवलं. मला म्हणाले, "मायाताई, दुकानात काय, चार पाइप. खरी इस्टेट दौंडात हाय. ती पोरीला दिली का मी मोकळा."

त्याआधी तिला बिल तपासायला शिकवायचं होतं. त्या दुपारी मी रिटर्नच्या कामाला दुकानातच बसले होते. आप्पांनी 'घरचं' फायलीतलं सगळ्यात वरचं बिल काढलं आणि गौतमीपुढे ठेवलं.

"हे नमुन्याचं बिल. हे तपासायचं न्हाई, ह्याच्यावरनं बाकीची तपासायची. जयसिंगचं बिल म्हंजी चूक सापडायची न्हाई."

पट्टी ठेवली गेली. मी कानाने ऐकत होते आणि हाताने माझं काम करत होते. आप्पांनी जीएसटीच्या नंबराची फोड सुरू केली. पंधरा जागा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे सत्तावीस. पुढच्या दहा जागा म्हणजे मालकाचा पॅन.

"आन् पॅनचं चौथं अक्षर बगायचं. एकटा मानूस आसंल तर पी, भागीदारी आसंल तर एफ, कंपनी आसंल तर सी. त्याच्या पुढचं अक्षर मानसाच्या आडनावाचं, न्हाईतर फर्मच्या नावाचं. लबाड मानूस हितं घावतो."

गौतमीने बोट ठेवून मोजलं. मग परत मोजलं.

"आप्पा, भीमाकाठ भागीदारी हाय ना? मग हितं पी कसा?"

"छपाई फिकी आसंल. एफच्या पोटात शाई भरली का पी दिसतो."

"बरं. पन त्याच्या म्होरं 'जे' अक्षर हाय. भीमाकाठचं 'बी' पायजे व्हतं."

माझा हात थांबला. आप्पांनी गल्ल्यातून भिंग काढलं, बिल उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जुनं काढ एखादं." गौतमीने दोन वर्षांपूर्वीचं बिल काढलं. त्यावर एफ आणि बी होते. नाव तेच, पत्ता तोच, वरचं चित्रसुद्धा तेच. नंबर दुसरा.

गौतमीने मोबाइलवर जीएसटीची साइट उघडून नवा नंबर टाकला. दुकानाचं नाव भीमाकाठ ट्रेडर्स. कायदेशीर नाव जयसिंग रावसाहेब जगदाळे. प्रकार, एकट्याची मालकी. नोंदणी गेल्या वर्षीच्या एक एप्रिलची. आप्पांनी जुना नंबर तोंडपाठ सांगितला, पंधराच्या पंधरा जागा, न अडखळता. तो टाकल्यावर पडद्यावर आलं, की व्यापाऱ्याच्या स्वतःच्या अर्जावरून नोंदणी रद्द, एकतीस मार्चपासून.

"आर्ज कुनी केला?" आप्पांनी मला विचारलं. "मी बी व्यापारीच हाय की त्याच्यातला."

मी सांगितलं, की पोर्टलवर अधिकृत सही करणारे म्हणून जयसिंगरावांचं नाव असणार. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. दुसऱ्या भागीदाराला कळवल्याशिवाय अर्ज होऊ शकतो.

आता माझंही पाप सांगते. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती, "मॅडम, भीमाकाठचा नंबर बदललाय, नवा टाकू?" मी मान वर न करता टाक म्हणाले होते. पोर्टलवरच्या यादीशी आप्पांची बिलं दर महिन्याला जुळत होती. बिलाचा नंबर जुळायचा, रक्कम जुळायची, वजावट पूर्ण मिळायची. एक एप्रिलला सगळ्यांचेच बिलाचे नंबर एकपासून सुरू होतात, त्यामुळे तिथेही शंका आली नाही. चौदा महिने मी ते बिल बरोबर म्हणून पुढे ढकललं. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. करात एका पैशाची खोट नव्हती. याचीच मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवशी दौंडला जायला मी गाडी काढली. न्हावरा गेलं, चौफुला गेला, वरवंड, पाटस गेलं. आप्पांच्या शर्टाच्या खिशात लाल पेन होतं आणि मांडीवर पट्टी. गौतमी मागे बसून होती.

दौंडला पेढीवर जयसिंगराव स्वतः बसले होते. आम्हाला बघून उठलेच. "ये रं शंकर! न सांगता? सूनबाई बी आली व्हय!" चहा सांगितला, पंखा आमच्याकडे वळवला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

आप्पा म्हणाले, "एक स्टार्टर दे. आन् बिल दे."

"बिल कशाला? घिऊन जा. मागनं पाठवतो."

"बिल दे जयसिंग."

बिल छापून आलं. आप्पांनी ते काउंटरवर सरळ केलं, वर पट्टी ठेवली आणि लाल पेनचं टोपण काढलं. आपलं नाव. खूण. आपला पत्ता, आपला नंबर. खूण. जयसिंगराव हसले, मग हसणं राहिलं.

"आरं, माजं बिल तपासतुयास? माजं?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "पंचवीस वर्सांत कंदी तपासलं न्हाईस."

"न्हाई तपासलं," आप्पा म्हणाले, आणि पट्टी जयसिंगरावांच्या नंबरावर आणून थांबवली. पेनचं टोक सहाव्या जागेवर टेकवलं. पी. मग सातव्या जागेवर. जे.

जयसिंगरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग बोलायला लागले आणि थांबेनात. पृथ्वीराजला, म्हणजे त्यांच्या मुलाला, बँकेचं कर्ज हवं होतं. बँकवाले म्हणाले, भागीदारी नको, एकाच्या नावावर करा. पृथ्वीराजचं म्हणणं पडलं, की आप्पा इकडे येत नाहीत, बसत नाहीत, मग निम्मा कशाला. घरात रोज भांडण. "मी तुला सांगनारच व्हतो शंकर. आज सांगू, उद्या सांगू करता ऱ्हायलं."

"सवा वरीस बिलं पाठवतुयास. दर बिलावर नंबर छापलाय. मी बगितला आस्ता तर?"

जयसिंगराव खाली बघत म्हणाले, "मला ठाव व्हतं. तू माजं बिल बगत न्हाईस."

गौतमी काहीतरी बोलायला उठली. आप्पांनी हाताने तिला बसवलं. मला त्या क्षणी काउंटरवरचा तो स्टार्टर उचलून फेकावासा वाटला, इतका संताप आला. आप्पांचा हात मात्र परत पट्टीवर गेला होता. बिलाचा नंबर, खूण. तारीख, खूण. एचएसएन, नग, किंमत, नऊ टक्के केंद्राचे, नऊ टक्के राज्याचे, बेरीज. प्रत्येकाला एक खूण. मग वर परत जाऊन त्यांनी त्या नंबरालाही बरोबरची खूण केली. शेवटी सही राहिली. ती त्यांनी भिंगातून बघितली.

"ह्यी वळखतो मी," ते म्हणाले. "भागीदारीच्या कागदावर माज्या सहीच्या शेजारी हाय." आणि तिथेही खूण केली.

पैसे रोख मोजले. जयसिंगराव "आसूंदे रं, आसूंदे" म्हणत राहिले, पण आप्पांनी नोटा काउंटरवर ठेवल्या आणि सुट्टे परत मिळेपर्यंत उभे राहिले.

भागीदारीचं करारपत्र आप्पांच्या ट्रंकेत आहे. शिरूरचे वकील म्हणतात, हिस्सा आणि हिशोब दोन्ही मागता येतील, वर्षं लागतील. गौतमी ते लढणार आहे. आप्पांना विचारलं तर म्हणतात, तिचं ती बघंल.

दौंडहून परतलो त्या संध्याकाळी दुकान उघडल्यावर गौतमीने स्टार्टरचं बिल हातात धरलं आणि विचारलं, "आप्पा, हे कोनत्या फायलीत लावू?"

आप्पा चष्मा पुसत होते. म्हणाले, "तपासल्यालं हाय न्हवं? मग बाकीच्यांच्यात लाव."