काकांची सगळ्यात छोटी गोष्ट

ड्रायव्हरकाका गोष्ट सांगू लागले की माणसं चपला शोधायची. जन्मभर बस चालवली, त्यामुळे गोष्टीतही एकही स्टॉप गाळायचे नाहीत. गाडीचा नंबर, कंडक्टरचं गाव, त्या कंडक्टरच्या मेव्हण्याचं लग्न. मुद्दा येईस्तोवर ऐकणारा पेंगलेला. काकू तेवढ्या शेवटपर्यंत बसायच्या. त्यांच्या हातात निवडायला काहीतरी असायचं.

त्या संध्याकाळी मुलगी हॉस्पिटलमधून आली ती थेट स्वयंपाकघरात. नर्स म्हणून तिचा पहिलाच दिवस.

"उद्या मी जाणार नाही," ती म्हणाली.

काकूंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. एका पेशंटची शीर तिला काही केल्या सापडेना. तो सगळ्या वॉर्डासमोर ओरडला, "अहो, दुसरं कुणी पाठवा!"

काकांना स्वतःचा पहिला दिवस आठवला. हे हिला आत्ताच सांगायला हवं. त्यांनी घसा खाकरला.

"त्या साली आमच्या डेपोत नव्या गाड्या आल्या. आता त्या गाड्यांचं असं की..."

"बाबा, प्लीज. आज नको." ती उठलीच.

काकू हळूच म्हणाल्या, "साल नको, गाड्या नकोत. मामंजी स्टॉपवर उभे होते ना, तिथून सांगा."

काकांचा चेहरा पडला. मामंजींच्या आधीचा केवढा तरी भाग होता, आणि सगळाच लाडका. पण मुलगी दारापर्यंत पोचली होती.

"तुझे आजोबा नवा सदरा घालून स्टॉपवर उभे होते," ते घाईघाईने म्हणाले. "माझी पहिली फेरी बघायला. आणि मी त्यांच्यासमोरून गाडी तशीच पुढे नेली."

मुलगी वळली. "न थांबता?"

"अगं, सुचलंच नाही! हात स्टिअरिंगला चिकटलेले. कंडक्टर घंटी बडवतोय, लोक शिव्या घालताहेत. आरशात बघतो तर आजोबा हात वर करून पळताहेत."

"मग?"

नेमका इथे कंडक्टरचा मेव्हणा ओठांवर आला. काकांनी तो गिळला.

"संध्याकाळी डेपोच्या दारात गाठलं मला. म्हणाले, 'गाडी झकास चालवतोस रे. थांबवायला कधी शिकवणार आहेत?'"

मुलगी फस्सकन हसली. काकांच्या तोंडात पुढचं तयार होतं. चुका, धीर, उमेद, सगळं. काकूंनी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. ते गप्प बसले. फार जड गेलं त्यांना.

"दुसऱ्या दिवशी गेलात?" तिनेच विचारलं.

"गेलो. बाप पुन्हा स्टॉपवर. या खेपेला जुना सदरा घालून."

आता ती खुर्ची ओढून बसली. "आमचा पेशंट बघायला हवा होता, बाबा. पैलवान गडी, आणि सुई दिसली की डोळे मिटून आईला हाका मारतो!"

पैलवानाची नक्कल दोनदा झाली. मग तिने युनिफॉर्म भिजत घातला. सकाळपर्यंत तो वाळायला हवा होता.